निर्णय कोणाचा? टीम चार्टरमध्ये लिहिण्याच्या तीन पद्धतींची तुलना

टीम चार्टर म्हणजे टीमने एकत्र काम कसे करायचे याचा लेखी करार. एका पानाच्या चार्टरमध्ये चार भाग असतात: उद्देश, कामाचे नियम, निर्णयाचे अधिकार आणि मतभेद मांडण्याची वाट. पहिले दोन लवकर उरकतात. उद्देश एका वाक्यात लिहा आणि त्याखाली आपण काय करणार नाही याची एक ओळ जोडा. नियम असे लिहा की ते मोडले तर कळेल. ‘एकमेकांचा आदर करू’ हा नियम मोडला की पाळला, हे कोणी ठरवायचे? ‘कामाच्या वेळेत संदेशाला चार तासांत उत्तर’ हे मात्र तपासता येते.

खरी निवड तिसऱ्या भागात करावी लागते, कारण तो कसा लिहिला यावर चौथा भाग चालेल की नाही हे ठरते. त्यासाठी तीन पद्धती वापरात आहेत: रासी तक्ता, निर्णय-यादी आणि संमती.

एक प्रसंग घेऊ. सात जणांची सॉफ्टवेअर टीम आहे. नवी आवृत्ती गुरुवारी द्यायची आहे. बुधवारी दुपारी चाचणी करणारी म्हणते, पैसे भरण्याच्या पानावर दोष आहे, दोन दिवस थांबा. टीमप्रमुख म्हणतो, तो दोष क्वचितच दिसतो, गुरुवारीच देऊ.

रासी तक्त्यात ओळींवर कामे आणि रकान्यांत माणसे असतात. काम कोण करतो, उत्तरदायी कोण, कोणाला विचारायचे आणि कोणाला फक्त कळवायचे, हे घराघरांत भरतात. एका ओळीत उत्तरदायी एकच, हा त्याचा मूळ नियम. तरीही आपला प्रसंग इथे अडतो. ‘चाचणी’ या ओळीत उत्तरदायी ती, ‘प्रकाशन’ या ओळीत तो, आणि भांडण नेमके दोन ओळींच्या मधले. तक्त्याप्रमाणे दोघेही बरोबर. तक्ता कामे वाटतो, निर्णय नाही, ही त्याची मर्यादा. शिवाय वीस कामे आणि सात माणसे म्हणजे १४० घरे. ती भरताना कोणी दुखावू नये म्हणून सगळ्यांनाच ‘विचारायचे’ लिहिले जाते आणि उत्तर न देणारा प्रत्येकजण काम अडवू शकतो. एकच काम तीन-चार विभागांतून फिरत असेल तर तक्ता उपयोगी. एका छोट्या टीमला तो जड होतो.

निर्णय-यादीत कामे नसतात, वादाचे प्रश्न असतात. सहा ते आठ ओळी पुरतात. आपल्या प्रसंगाची ओळ अशी:

> ज्ञात दोष असताना आवृत्ती द्यायची का? ठरवणार: टीमप्रमुख. आधी विचारणार: चाचणी करणारी, लेखी, दोन तासांची मुदत. अपवाद: दोष पैशांशी किंवा माहिती गमावण्याशी संबंधित असेल तर चाचणी करणारीचा नकार अंतिम.

बुधवारचा वाद या ओळीने पाच मिनिटांत मिटतो: आवृत्ती थांबते. मुदत लिहिली नाही तर ‘विचारले होते, उत्तर आले नाही’ ही सबब उरतेच. यादीचा दोष असा की तिच्यात न लिहिलेला प्रश्न आला की टीम गोंधळते. म्हणून शेवटी ‘बाकी सर्व: ज्याचे काम त्याचा निर्णय’ ही ओळ हवी.

संमतीची पद्धत सोशिओक्रसी या सामूहिक कारभाराच्या पद्धतीतून आली. त्यात सगळ्यांना प्रस्ताव आवडावा लागत नाही. कोणाचाही सकारण आक्षेप उरला नाही की प्रस्ताव मंजूर. ‘मला पटत नाही’ हा आक्षेप नव्हे. ‘याने टीमच्या उद्देशाला अमुक बाधा येईल’ हा आक्षेप. मतभेद मांडणे इथे पद्धतीतच बसलेले आहे. पण प्रत्येकाला क्रमाने बोलायला देणारी फेरी घ्यायची तर सगळे हजर हवेत, बुधवारी दुपारी ते जमणार नाही. आणि प्रमुख आधी बोलला की नवखे गप्प बसतात, म्हणून फेरी सर्वांत नव्या माणसापासून सुरू करावी.

छोट्या टीमने रोजच्या निर्णयांसाठी यादी घ्यावी आणि संमती फक्त चार्टर व कामाचे नियम बदलण्यापुरती ठेवावी, असे आमचे मत.

यादी घेतली की मतभेदाच्या भागात तीन पायऱ्या लिहाव्यात: दोन कामाच्या दिवसांत थेट त्या व्यक्तीशी, मिटले नाही तर निर्णय घेणाऱ्याकडे लेखी, त्याचे उत्तर एका दिवसात, आणि वाद निर्णय घेणाऱ्याशीच असेल तर टीमबाहेरच्या एका माणसाकडे, पदाने नव्हे तर नावाने. ही तिसरी पायरी चार्टरमध्ये नसली तर नेमक्या त्याच तक्रारी मग मागच्या दाराने फिरतात.

मसुदा झाला की गेल्या महिन्यातले तीन खरे वाद घ्या आणि ‘हा निर्णय कोणाचा होता?’ याचे उत्तर प्रत्येकाला यादी पाहून वेगवेगळ्या कागदावर लिहायला सांगा. ज्या वादावर दोन वेगळी नावे येतील, ती ओळ पुन्हा लिहा.