‘भावपूर्ण श्रद्धांजली’ की स्वतःचे चार शब्द?

शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या सहकारी मैत्रिणीचे वडील गेलेत. ऑफिसच्या ग्रुपवर श्रद्धांजलीची रांग लागलीय. तिला पाठवायचे दोन मजकूर समोरासमोर ठेवू.

पहिला: «आपल्या वडिलांच्या निधनाची बातमी ऐकून धक्का बसला. ईश्वर मृतात्म्यास चिरशांती देवो आणि कुटुंबीयांना दुःखातून सावरण्याचे बळ देवो. काही लागलं तर नक्की सांग.»

दुसरा: «काका गेल्याचं सकाळी कळलं. फार वाईट वाटलं. मी त्यांना कधी भेटलो नाही, पण रोज डब्याच्या वेळी तुझा फोन असायचा आणि ‘गोळी घेतली का’ यावरून तुमची जुंपायची, ते आम्ही सगळे ऐकायचो. 20 तारखेचं जीएसटी रिटर्न मी भरतोय, साहेबांशी बोललोय. उत्तर पाठवत बसू नकोस.»

पहिल्यात चूक काहीच नाही, पण तो कुणाच्याही घरी पाठवता येतो. शिवाय वडील सहा महिने अंथरुणाला खिळून होते हे ऑफिसला माहीत असताना ‘धक्का बसला’ खोटं वाटतं. आणि ‘काही लागलं तर सांग’ म्हटलं की काय लागेल हे शोधायचं, मग तोंड उघडून मागायचं, हे कामही तिच्याच गळ्यात.

दुसऱ्याची सगळी भिस्त डब्याच्या वेळच्या फोनवर आहे. ते स्वतः ऐकलेलं आहे. न भेटलेल्या माणसाला ‘देवमाणूस’ म्हणण्यापेक्षा मुलीचा त्यांच्यातला जीव आपल्याला कसा दिसला, तेवढंच लिहावं. रिटर्नचं मात्र साहेबांशी खरंच बोलणं झालं असेल तरच लिहायचं, नाहीतर 19 तारखेला तिलाच फोन जाईल.

आपल्या शब्दांतही घसरायला जागा आहे. ‘सुटले बिचारे’ हे तिने म्हणावं, आपण नाही. ‘माझे बाबा गेले तेव्हा...’ सुरू झालं की मेसेज आपल्याबद्दलचा होतो. ‘कसं झालं?’ विचारलं की तीच हकिगत तिला पुन्हा टाइप करावी लागते.

मग ठरावीक वाक्य कुठे बरं? ग्रुपवर, किंवा दुसऱ्या विभागातल्या, फक्त नावाने माहीत असलेल्या साहेबांना. तिथे ओढूनताणून जवळीक दाखवलेली खटकते. तरी ‘वडील गेल्याचं कळलं, वाईट वाटलं’ एवढं साधं वाक्य मला छापील मजकुरापेक्षा बरं वाटतं. ‘मृतात्म्यास सद्गती’ तर सगळीकडे चालतही नाही. सहकारी बौद्ध असेल, तर त्या धम्मात आत्माच मानत नाहीत.

जवळच्या सहकाऱ्याला दुसऱ्या धर्तीचाच मजकूर पाठवा, आणि ग्रुपवर नको, थेट तिला. पहिल्या दिवशी फोन भरून वाहत असतो, त्यामुळे दोन दिवस उशीर झाला तरी बिघडत नाही. दिवसकार्य उरकून ती कामावर येईल, तेव्हा आदल्या संध्याकाळी एक ओळ टाका: «उद्या डबा आणू नकोस, मी दोघांचा आणतो.»