पगार किती, यंदा कर्तव्य आहे का: गोलमोल उत्तर बरं की सरळ नकार?

तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराई सुरू होते आणि नात्यातले मेसेजही वाढतात. तिशीच्या आसपासच्या, नोकरीला लागलेल्या मुलामुलींना पगार आणि लग्न हे दोन्ही प्रश्न बहुतेक एकाच मेसेजमध्ये येतात, कारण स्थळ सुचवायचं तर विचारणाऱ्याला दोन्ही उत्तरं एकदम लागतात. विचारणारी बहुतेक माणसं मायेचीच असतात, म्हणून तर उत्तर लिहिताना अडायला होतं.

समजा मावशीचा मेसेज आला: "नवीन नोकरीबद्दल अभिनंदन रे! पॅकेज किती दिलं? आता यंदा कर्तव्य आहे ना?"

खरा आकडा सांगून मोकळं होणं हा एक मार्ग आहे, पण तो मी लगेच बाजूला ठेवतो. पॅकेज बारा लाख म्हटलं की ऐकणारा बारानं भागून महिना लाख रुपये धरतो. मूळ वेतन त्याच्या निम्मं, म्हणजे महिना 50,000 असेल, तर कंपनीचा पीएफचा 12 टक्के वाटा, म्हणजे 6,000 रुपये, बहुधा त्या बारा लाखांतच धरलेला असतो. तुमच्या वाट्याचे आणखी 6,000 कापले जातात. ग्रॅच्युइटीची तरतूद 4.81 टक्के धरतात, ते सुमारे 2,400. महाराष्ट्रात व्यवसाय कराचे 200. म्हणजे हातात 85,000 च्या आसपास येतात. वार्षिक बोनस पॅकेजमध्येच धरला असेल तर त्याहून कमी, आणि प्राप्तिकर लागत असेल तर तो वेगळा. हे सगळं मावशीला कोण समजावणार? तिच्याकडून आकडा पुढे जाईल तो लाखाचाच.

मग खरी निवड दोनच उत्तरांत उरते. पहिलं गोलमोल:

"धन्यवाद मावशी! पगार बऱ्यापैकी आहे. लग्नाचं बघू, अजून काही ठरवलं नाही."

दुसरं सरळ:

"मावशी, तुझा मेसेज वाचून बरं वाटलं. काम आवडतंय, माणसंही चांगली आहेत. पगाराचा आकडा मी आई-बाबांशिवाय कोणालाच सांगत नाही, तेव्हा राग मानू नकोस. सध्या स्थळं बघत नाहीये. बघायला लागलो की आई तुला नक्की कळवेल. काकांच्या मोतीबिंदूचं काय झालं? दुसऱ्या डोळ्याची तारीख मिळाली का?"

गोलमोल उत्तराच्या बाजूनं बरंच बोलता येईल. ते चटकन लिहून होतं, कोणी दुखावत नाही, आणि समोरासमोर तर ते फारच उपयोगी पडतं. लग्नाच्या पंगतीत कोणी विचारलं, तुम्ही "बघू" म्हणालात, तेवढ्यात वाढपी जिलबी घेऊन आला, विषय संपला. तिथे मी अजूनही तेच उत्तर देतो. लिहिलेल्या उत्तराचं मात्र तसं नाही. ते मोबाइलवर राहतं, चार दिवसांनी पुन्हा वाचलं जातं आणि सवडीनं त्याचा अर्थ लावला जातो.

पगाराच्या बाबतीत तर अंदाज बांधणं लगेच सुरू होतं. "बऱ्यापैकी" लिहिलं की पाच मिनिटांत येतं, "म्हणजे लाखाच्या वर का?" नाही म्हणावं तर एक मर्यादा कळली, हो म्हणावं तर दुसरी. गप्प राहिलात तर तेही उत्तरच समजलं जातं. अशा दोन-तीन प्रश्नांत माणूस आकड्याच्या अगदी जवळ पोचतो, आणि आपण काहीच सांगितलं नाही असं आपल्याला वाटत राहतं.

तरी एवढ्यानं मी गोलमोल उत्तर सोडलं नसतं. मला खरा त्रास झाला तो लग्नाबद्दलच्या "बघू"चा. आमच्या नात्यातल्या एका बाईंनी ते होकारासारखं घेतलं. त्यांनी आईकडून फोटो मागवला, माझी जन्मवेळ घेतली आणि ओळखीच्या एका कुटुंबाकडे शब्द टाकला. त्या घरच्यांनी पत्रिका जुळवून पाहिली, मुलीला सांगितलं, आणि रविवारी भेटायला कधी येताय म्हणून आईला फोन केला. आईला नाही म्हणावं लागलं. आता पत्रिका जुळल्यावर मुलाकडून नकार आला की मुलीच्या घरच्यांना वाटतं, फोटो पाहून नाकारलं. त्या मुलीला मी पाहिलेलंही नव्हतं. आपल्या संकोचाचा त्रास असा तिऱ्हाईत मुलीला व्हावा, हे मला फार लागलं. त्या बाईंचं मी काही चुकीचं म्हणणार नाही. त्या त्यांच्या रीतीनं मदतच करत होत्या.

सरळ उत्तरात ही फट राहत नाही. स्थळं बघत नाहीये हे एका वाक्यात संपतं, आणि पुढची बातमी कोण देणार हेही ठरतं. पगाराचं वाक्य लिहिताना "कोणालाच" हा शब्द गाळू नये. त्यामुळे नकार मावशीला राहत नाही, तो सगळ्यांना लागू असलेला नियम होतो. आणि शेवटचा प्रश्न खरा हवा. नुसतं "तू कशी आहेस?" विचारलं तर "मी बरी, पण तू टाळलंस हं" असं येतं. मोतीबिंदूच्या तारखेबद्दल विचारलं की हॉस्पिटल, ड्रॉप्स, काकांचा हट्ट असं सगळं येतं, आणि मलाही ते ऐकायचंच असतं.

सरळ उत्तरालाही थोडी तयारी लागते. मेसेज पाठवण्याआधी आईशी बोलून घ्यावं, कारण मावशीचा पुढचा फोन तिलाच जाणार. तिनं तिकडे आकडा सांगितला तर तुमचा नियम त्याच संध्याकाळी मोडला आणि वर मावशीला वाटलं, मलाच तेवढं सांगितलं नाही. प्रश्न कुटुंबाच्या ग्रुपवर आला असेल तर तिथे फक्त आभार मानावेत आणि बाकीचं मावशीला वेगळं लिहावं. चारचौघांत दिलेला नकार, कितीही गोड असला तरी, बोचतो. "ठरलं की पहिला फोन तुलाच" असंही लिहू नये. मावश्या एकमेकींशी बोलतात.

काकांना किंवा आजोबांना लिहिताना मी थोडं बदलतो. तिथे "तुम्ही" आलं की "सांगत नाही" हे जरा कोरडं वाटतं, म्हणून "काका, पगाराचं बाबांशी बोलणं झालंय, ते म्हणाले सध्या बाहेर नको सांगायला" असं लिहितो. अर्थात बाबा खरंच तसं म्हणाले असतील तरच. वडीलधाऱ्यांना वडीलधाऱ्याचा शब्द पटतो.

काही ठिकाणी दोन्ही उत्तरं चालत नाहीत. तुमच्या शिक्षणाच्या कर्जाला मामा जामीन राहिले असतील आणि हप्ता झेपतोय का म्हणून पगार विचारत असतील, तर त्यांना आकडा सांगायला हवा, तोही हातात येणारा. बायोडेटा तुम्हीच दिला असेल तर उत्पन्नाबद्दल विचारणंही रास्तच. आणि मावसभाऊ नोकरी बदलतोय म्हणून मावशी विचारत असेल, तर त्या कामाला साधारण काय मिळतं ते त्यालाच फोन करून सांगावं, स्वतःच्या पगाराचा विषय न काढता.

तुमच्या घरी वेगळं असू शकेल. नातेवाईक मोजके, वर्षातून एकदा विचारणारे आणि उत्तर विसरणारे असतील तर गोलमोल उत्तरानं काही बिघडत नाही. पण विचारणाऱ्यांत एक जरी स्थळं जमवणारं माणूस असेल, तर त्या माणसाला मी सरळच लिहीन. पुन्हा विचारलं तर नवी सबब न शोधता तेच वाक्य पुन्हा पाठवीन. नवी सबब दिली की त्यातून नवा प्रश्न निघतो. तेच वाक्य पुन्हा आलं की, निदान माझ्या नात्यात तरी, तिसऱ्यांदा कोणी विचारलेलं नाही.