सातबारा-फेरफाराचं इंग्रजी भाषांतर: काही महिने वापरल्यानंतरचा अनुभव (तीन तारे, आधी दोन देणार होतो)

गोठ्याच्या कर्जाची फाइल बँकेच्या राज्याबाहेरच्या कार्यालयात तपासली जाते, म्हणून सातबारा, आठ-अ आणि जुने फेरफार इंग्रजीत करून, नोटरीसह मागितले होते. शहरातल्या एका भाषांतर संस्थेकडून काम घेतलं. नाव लिहीत नाही, कारण भांडण आता मिटलंय. काम वेळेत झालं, कागद चकाचक होता, शिक्का ठसठशीत होता. क्षेत्र मात्र चुकलं, आणि पुढचं सगळं रामायण त्या एका रकान्यामुळे झालं.

आमच्या गटाचं एकूण क्षेत्र सातबाऱ्यावर 0.71.00 आहे. लागवडीयोग्य 0.68.00 आणि पोटखराब 0.03.00. एकक हे.आर.चौ.मी., म्हणजे 71 आर. भाषांतरात आकडे बरोबर उतरले होते, पण रकान्याच्या डोक्यावर ‘एकर’ छापलेलं! दुसऱ्या कुणाच्या कामाचा साचा उघडून त्यात आमचे आकडे भरले होते, हे नंतर त्यांनीच कबूल केलं. 71 आर म्हणजे पावणेदोन एकर. 0.71 एकर म्हणजे जेमतेम 28 गुंठे. तारण ठेवायची जमीन कागदावर निम्म्याहून कमी झाली.

एवढ्यावर थांबलं असतं तर शुद्धिपत्रकात भागलं असतं. पण वाटपाचा जुना फेरफार एकर-गुंठ्यांत आहे, ‘1 एकर 30 गुंठे’. तो यांनी ‘1.30 एकर’ असा उतरवला. गुंठे शंभरात नाही, चाळिसात मोजतात. 30 गुंठे म्हणजे पाऊण एकर, तेव्हा इथे 1.75 हवं होतं. बँकेच्या माणसाने दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि लेखी शंका काढली: वाटपात 1.30 एकर मिळाली, आज 0.71 एकर आहे, मग मधली जमीन विकली का? विक्रीखत दाखवा. न झालेल्या विक्रीचं खत कुठून आणायचं? दोन्ही आकडे एकाच तुकड्याचे. 70 गुंठे, गुंठा साधारण 101 चौरस मीटरचा, म्हणजे 7,080 चौरस मीटरच्या आसपास, तेच सातबाऱ्यावर 71 आर. हे मी पेनाने पाठकोऱ्या कागदावर मांडून दाखवलं, तेव्हा संस्थेतल्या ताई म्हणाल्या, “साहेब, आम्ही आकडे बदलत नाही, जसेच्या तसे उतरवतो.” तत्त्व मान्य. भाषांतरकाराने आकडा बदलूच नये. पण मग एककही जसंच्या तसं उतरवा, आणि एकर-गुंठ्यांच्या मधे टिंब देऊ नका. रूपांतर द्यायचं असेल तर खाली भाषांतरकाराची टीप म्हणून वेगळं द्या. दुरुस्त प्रत अशीच आली आणि शंका निकाली निघाली. पैसे जास्त घेतले नाहीत. घेतले असते तर हे परीक्षण फार वेगळं झालं असतं.

तिसरा तारा कशासाठी, तर इतर हक्काच्या रकान्यासाठी. तिथे सोसायटीच्या फिटलेल्या कर्जाचा जुना बोजा कंसात होता. कंस म्हणजे नोंद रद्द, हे आपल्याला कळतं. बाहेरच्या माणसाला तो नुसता कंस दिसतो आणि बोजा चालूच आहे असं वाटतं. यांनी तिथे नोंद कमी झाल्याचं आणि कोणत्या फेरफाराने कमी झाली तेही स्पष्ट लिहिलं. बोजाबद्दल बँकेने एकही प्रश्न विचारला नाही. शिवाय काम सुरू करण्याआधीच सगळ्या खातेदारांच्या नावांचं पॅनकार्डावरचं स्पेलिंग मागून घेतलं होतं. तेव्हा मला उगाच चौकशी वाटली होती.

दराबद्दल मात्र अजूनही राग आहे. पानावर दर, मग पान भरलेलं असो की रिकामं. गाव नमुना बारा म्हणजे पीकपाहणीचा तक्ता, त्यात निम्म्या रकान्यांत काहीच नसतं, तरी पूर्ण पानाचे पैसे. त्यात मंजुरी लांबली आणि बँकेने ताजा सातबारा मागितला. डिजिटल सहीचा उतारा महाभूमीवरून 15 रुपयांत निघतो. त्याचं भाषांतर पुन्हा पूर्ण दराने सांगितलं, बदल फक्त तारखेचा आणि एका हंगामाच्या पिकाचा! वाद घालून निम्म्यावर आणलं. नोटरीचे पैसे मात्र पूर्ण गेले, त्याला इलाज नाही.

तुम्ही कुणाकडेही करून घ्या, पण नोटरीच्या शिक्क्याआधी कच्ची प्रत मागा. त्यात क्षेत्राच्या रकान्याचं डोकं आणि जुन्या फेरफारातले गुंठे एवढं बघा. गट नंबर, खाते नंबर, आकाराचे रुपये-पैसे हे सहसा चुकत नाहीत, निदान माझ्याकडे चुकले नाहीत. उताऱ्याचं काम बँकेची मंजुरी जवळ आली की शेवटी द्या, फेरफार आधी दिले तरी चालतात, ते जुने व्हायचे नाहीत.