चहा-नाश्त्याची वही: वर्षभर लिहिल्यानंतरचा अनुभव

खिशात मावणारी साधी वही, १ एप्रिल ते ३१ मार्च. तालुक्याच्या एका सरकारी कार्यालयात मी लिपिक आहे, त्यामुळे वर्ष मार्चलाच संपवायची सवय. नियम एकच होता: ऑफिसच्या वेळेत पोटात गेलेला चहा, वडापाव, बिस्किटपुडा जो काही असेल तो त्याच दिवशी लिहायचा.

वहीच का, मोबाईल का नाही, असं बरेच जण विचारतात. टपरीवर मी यूपीआय लाइटने पैसे देतो, पिन टाकावा लागत नाही म्हणून. पण लाइटमधला एकेक खर्च बँकेच्या पासबुकात येत नाही. तिथे फक्त 'लाइटमध्ये ५०० भरले' एवढंच दिसतं. त्या ५०० मधून चहा किती आणि झेरॉक्स किती, हे ॲपमध्ये एकेक व्यवहार उघडून बघावं लागतं. शिवाय सुट्टे पैसे दिले किंवा कँटीनच्या उधारीच्या वहीत मांडून घेतलं, तर त्याची नोंद तिथेही नाही.

उधारीबद्दल सांगतो, कारण आकडे हमखास चुकतात ते इथेच. रोज चहा लिहायचा आणि महिनाअखेरीला कँटीनला दिलेले पैसेही लिहायचे, म्हणजे तोच चहा दोनदा धरला जातो. एखादा महिना इतरांच्या जवळजवळ दुप्पट दिसला की समजावं, हेच झालंय. म्हणून नोंद प्यायल्याच्या दिवशी करायची आणि उधारी फेडली की तिच्यापुढे फक्त बरोबरची खूण.

मार्चअखेरीच्या गडबडीतून सुटल्यावर सगळं संगणकावर चढवलं. ब रकान्यात प्रकार, ड रकान्यात रक्कम आणि प्रत्येक प्रकाराला एक सूत्र:

```
=SUMIF(B:B,"चहा",D:D)
```

इथे एक खोच आहे. 'चहा' लिहून पुढे चुकून एक मोकळी जागा पडली, तर ती ओळ या बेरजेत येत नाही आणि संगणक चकार शब्द काढत नाही. म्हणून सगळ्या प्रकारांची बेरीज आणि अख्ख्या ड रकान्याची बेरीज यांचा ताळा घ्यायचा. फरक आला की कुठलीतरी ओळ बाहेर राहिलीय. रकमेसोबत 'रु.' टाईप केलं असेल तर मात्र ती दोन्ही बेरजांतून गळते आणि ताळाही जुळतो, तेव्हा रकान्यात नुसते आकडेच हवेत.

आता आकडे. बेरीज मारण्याआधी सौ.ने विचारलं होतं, "किती येतील हो?" मी म्हटलं, "सहा, फार तर सात हजार." हिशोब सोपा होता: बारा रुपयांचा कप, दिवसाला दोन, वर्षाचे कामाचे दिवस साधारण २३०, म्हणजे ५,५२०. वर थोडा नाश्ता.

आले १८,६६०.

तीन वेळा बेरीज केली. ताळा जुळत होता. स्वतःचा रोजचा चहा खरंच ५,५२० च होता. नाश्ता ४,९०० आणि बिस्किटं, पाण्याच्या बाटल्या, उसाचा रस असं किरकोळ २,४८०. उरलेले ५,७६० होते 'आज माझ्याकडून' या खात्यावर! माझ्या रोजच्या चहापेक्षा हे खातं मोठं निघेल असं स्वप्नातही आलं नव्हतं.

सौ. म्हणाली, "म्हणजे ऑफिसला तुम्हीच चहा पाजता." तसं नाही. जानेवारीपासून मी दुसऱ्यांनी पाजलेला चहाही वेगळ्या रकान्यात मांडत होतो. त्या तीन महिन्यांत मी १,४४० चा पाजला आणि मला सुमारे १,१५० चा मिळाला. मी पाजलेल्यात माझाही कप असतोच, त्यामुळे देणं-घेणं जवळपास फिटलं. मग पैसे गेले कुठे? पोटात! आम्ही टेबलावर पाच जण. मी आठवड्यातून दोनदा पाजतो, बाकीच्यांकडून मला साधारण आठ कप येतात. असे आठवड्याला दहा कप जास्तीचे, म्हणजे दिवसाला दोन. मी स्वतःला दोन कपवाला समजत होतो आणि चार पीत होतो. त्यातले दोन मी कधी मागितलेच नव्हते. 'चला भाऊसाहेब' म्हटलं की उठायचं, एवढंच.

वहीचा दोष म्हणाल तर, ती खर्च दाखवते, थांबवत नाही. पाजायचं बंद केलं तर चारचौघांत चिक्कू ठरेन. मग एकच बदल केला: माझी पाळी आली की पाचऐवजी तीन चहा सांगतो आणि पाच ग्लासांत ओतून घेतो. टपरीवाले अण्णा पहिल्या दिवशी हसले, आता न सांगता तसंच देतात. कुणी तक्रार केलेली नाही. चहा अर्धा की पूर्ण याकडे कुणाचं लक्षच नसतं, टेबलावरून उठायला निमित्त हवं असतं.

वही यंदाही चालू आहे, पण नाश्ता आणि किरकोळ लिहिणं सोडलंय. त्यात कळण्यासारखं नवीन काही नव्हतं. 'पाजला' आणि 'मिळाला' हे दोनच रकाने ठेवलेत.