थ्री-एलिमेंट ड्रम लेव्हल कंट्रोल: एक सीझन चालवल्यावर

साखर कारखान्यातला ७० टनी बगॅस बॉयलर आहे आमचा, आणि गेल्या सीझनपर्यंत ड्रम लेव्हल साध्या सिंगल एलिमेंटवर होती, म्हणजे लेव्हल घटली की फीड वॉटर व्हॉल्व उघडायचा, वाढली की बंद व्हायचा. ऐकायला बरोबर वाटतं ना, पण ड्रम खोटं बोलतो.

एका रात्रीचं सांगतो. पॅनवाल्यांनी एकदम स्टीम ओढली, ४८ टनावरून ६०. प्रेशर ६६ वरून ६३ वर आलं, प्रेशर पडलं की पाण्यातले बुडबुडे फुगतात, शिवाय नवीन वाफ होते, त्यामुळे लेव्हल ५० टक्क्यांवरून ६४ वर चढली. हा स्वेल. ड्रममधलं पाणी खरं तर कमी होत होतं, पण कंट्रोलरला वाटलं पाणी जास्त झालं आणि त्याने व्हॉल्व दाबला. दीड-दोन मिनिटांनी फुगवटा उतरला तेव्हा लेव्हल २८ वर, लो अलार्म बोंबलतोय, आणि आमचे बॉयलर अटेंडंट मामा मॅन्युअलवर घेऊन शिव्या देत उभे. मग घाईने व्हॉल्व उघडला तर त्या तुलनेने थंड पाण्याने बुडबुडे आणखी बसले, लेव्हल अजून खाली. लोड अचानक कमी झाला की सगळं उलटं, त्याला श्रिंक म्हणतात, तेव्हा कंट्रोलर पाणी ओततच राहतो आणि नंतर ड्रम भरून पाणी सुपरहीटरकडे जायची भीती.

आता थ्री-एलिमेंटमध्ये स्टीम फ्लो ६० झाला की फीड वॉटरचा सेटपॉइंटही तिथेच ६० च्या आसपास जातो, आतला लूप फीड फ्लो बघून व्हॉल्व तेवढा उघडतो, आणि लेव्हल फक्त हळूहळू टन-दोन टन इकडेतिकडे करते. स्वेल जात नाही हां, कोणी तसं सांगून विकत असेल तर विश्वास ठेवू नका, आमची लेव्हल अजूनही ५८-६० पर्यंत चढते, पण व्हॉल्व आता त्याच्या मागे पळत नाही आणि पाच-सहा मिनिटांत परत ५० वर येते. लेव्हलचा गेन मात्र कमीच ठेवा, आम्ही सुरुवातीला जास्त ठेवला होता तर जुनंच नाटक परत.

एक तक्रार आहे, सगळी मदार फ्लो मीटरवर. शटडाऊननंतर स्टीम आणि फीडमध्ये कायम ४ टनांचा फरक दिसायला लागला, ब्लोडाऊन तर जेमतेम १ टन. लेव्हल ५०च दाखवत होती, त्यामुळे आठवडाभर कोणाच्या लक्षातच आलं नाही, ट्रेंड शेजारी शेजारी लावल्यावर समजलं. स्टीम फ्लो ट्रान्समीटरच्या दोन कंडेन्सेट पॉटपैकी एक नीट भरला नव्हता.

आणि स्टार्टअपला हे वापरायचं नाही. ओरिफिसवर २५ टक्के फ्लोला डीपी फक्त सव्वासहा टक्के मिळतो, रीडिंगच भरवशाचं नसतं. आम्ही ३० टक्के लोडपर्यंत सिंगलवर ठेवतो, मग थ्रीवर टाकतो, आणि टाकण्याआधी दोन्हीचं आउटपुट जुळलंय का ते मामा स्वतः बघतात, ऑटोवर त्यांचा अजून तेवढा विश्वास नाही.