‘पूर्णपणे सहमत’ घ्यावं की ‘अगदी पटतं’?

खानापूर, निपाणीकडे घरोघरी सर्व्हे करायचा आहे आणि मूळ प्रश्नावली इंग्रजी, लायकर्ट धर्तीची, म्हणजे प्रत्येक विधान किती पटतं ते पाच पर्यायांतून सांगायचं. मराठीत दोन संच समोर येतात. छापील: पूर्णपणे सहमत, सहमत, तटस्थ, असहमत, पूर्णपणे असहमत. बोलीतला: अगदी पटतं, पटतं, पटतं असंही नाही आणि पटत नाही असंही नाही, पटत नाही, मुळीच पटत नाही.

छापील संच कागदावर नेटका दिसतो, पण त्याची दोन टोकं आणि मधला पर्याय घात करू शकतात. इंग्रजीतलं ‘स्ट्राँगली’ मताचा जोर विचारतं, तर ‘पूर्णपणे’ मताची व्याप्ती. ‘आरोग्य केंद्रात माझं म्हणणं नीट ऐकून घेतात’ हे एखाद्या बाईंना जोरात पटत असेल. पण एकदा डॉक्टर खेकसले होते, म्हणून त्या ‘पूर्णपणे’ टाळून ‘सहमत’वर येतात. मत तेच, गुण पाचाऐवजी चार. ‘तटस्थ’चं दुखणं वेगळं. सीमाप्रश्नाच्या मुलखात हा शब्द कुठल्या बाजूला नसल्याची भूमिका वाटू शकतो. त्याच्या जागी ‘सांगता येत नाही’ घालायचा मोह होतो. तो आवरा, कारण मग माहिती नसलेले लोकही मधल्या घरात जमा होतात. त्यांच्यासाठी ‘माहीत नाही’ हा वेगळा रकाना ठेवा.

बोलीतला संच तोंडी विचारायला सरस. घरी मराठी, शाळा कन्नड अशा तरुणांनाही तो ऐकून कळतो. मधला पर्याय लांबलचक आहे खरा, पण अर्थाला चोख. खटका ‘मुळीच’मध्ये आहे: मूळ पर्याय जोरदार विरोध मागतो, ‘मुळीच पटत नाही’ मात्र काहींना नुसतं ‘काहीच पटलं नाही’ एवढंच वाटेल.

निवाडा उलट-भाषांतरावर सोडू नका. ‘पूर्णपणे सहमत’ परत इंग्रजीत नेलं की सवयीने ‘स्ट्राँगली अ‍ॅग्री’च येतं आणि फरक झाकला जातो. त्यापेक्षा १० सेंटिमीटरची रेघ काढा, डावीकडे कमालीचा विरोध, उजवीकडे कमालीचा पाठिंबा. प्रत्येक शब्दासाठी नवी चिठ्ठी द्या आणि खूण करायला सांगा. एकाच रेघेवर सगळे शब्द दिले तर लोक समान अंतरावर मांडून मोकळे होतात. दोन्ही भाषा जाणणाऱ्यांकडून इंग्रजी शब्दांच्याही खुणा घ्या, कारण गाठायची ती जागा. समजा ‘स्ट्राँगली अ‍ॅग्री’ ९ सेंटिमीटरच्या आसपास पडलं, ‘अगदी पटतं’ही तिथेच आणि ‘पूर्णपणे सहमत’ १० ला चिकटलं, तर निवड झाली. खुणा रेघभर विखुरल्या तर सरासरी कितीही जुळो, तो शब्द बाद.

माझा कौल: तोंडी मुलाखतीला बोलीतला संच, शिक्षक किंवा बँक कर्मचारी स्वतः फॉर्म भरणार असतील तर छापील चालेल, पण ‘तटस्थ’ बदलून ‘सहमतही नाही, असहमतही नाही’. सोबत कन्नड आवृत्ती असेल तर मराठी तिच्यावरून बेतू नका. दोन्ही मूळ इंग्रजीवरूनच करा.