वाचणारी स्क्रिप्ट आणि पाठवणारी स्क्रिप्ट: ब्राउझरचे कोणते काम सोपवावे?

ब्राउझर ऑटोमेशनचा विषय निघाला की प्रथम वर्षाचे विद्यार्थी सहसा पहिला प्रश्न साधनाचा विचारतात: सेलेनियम शिकावे की प्लेराइट? प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तरही या व्याख्यानात येईल. परंतु त्याआधी आणखी एक निवड करावी लागते आणि सुरक्षिततेचा मोठा भाग तिथेच ठरतो. आपण स्क्रिप्टला पान नुसते वाचायला लावणार आहोत, की आपल्या नावाने काही पाठवायलाही लावणार आहोत?

ऑटोमेशन म्हणजे आपण लिहिलेल्या प्रोग्रॅमने ब्राउझर चालवणे: पान उघडणे, त्यातला रकाना शोधणे, मजकूर भरणे, बटण दाबणे. पलीकडच्या सर्व्हरला या क्लिकमागे तुमचे बोट होते की तुमची स्क्रिप्ट, याच्याशी देणेघेणे नसते. लॉगिन तुमचे असेल तर ती कृती तुमचीच धरली जाते. म्हणूनच वाचताना झालेली चूक आणि पाठवताना झालेली चूक यांची किंमत सारखी नसते.

आधी वाचण्याचे काम पाहू. समजा, महाविद्यालयाच्या संकेतस्थळावरील परिपत्रकांच्या पानावर काही नवे आले आहे का, हे स्क्रिप्टने तपासायचे आहे. सराव म्हणून ते पान स्वतःच्या संगणकावर ठेवले आहे असे मानले, तर प्लेराइटमध्ये ते काम एवढ्यात होते:

```python
from playwright.sync_api import sync_playwright

with sync_playwright() as p:
    browser = p.chromium.launch()
    page = browser.new_page()
    page.goto("http://localhost:8000/notices.html")
    rows = page.locator("#notices li")
    rows.first.wait_for()
    print(rows.all_inner_texts())
    browser.close()
```

यातली `wait_for()` ची ओळ अनावश्यक वाटते आणि नवशिके ती हटकून गाळतात. पुष्कळ पानांवर आधी रिकामा सांगाडा येतो आणि यादी क्षणभराने जावास्क्रिप्टमधून भरली जाते. `all_inner_texts()` कोणाची वाट पाहत नाही. त्या क्षणी जे असेल ते उचलते. ती ओळ नसेल तर स्क्रिप्टला रिकामी यादी मिळते, त्रुटीचा संदेश येत नाही, आणि ‘नवे परिपत्रक नाही’ असा निष्कर्ष निघतो. ती ओळ असेल तर पहिली नोंद दिसेपर्यंत स्क्रिप्ट थांबते आणि ३० सेकंदांत ती दिसली नाही तर त्रुटी दाखवून बंद पडते. वाचणाऱ्या स्क्रिप्टचा खरा धोका हाच आहे: ती बंद पडली तर आपल्याला कळते, पण ती चुकीचे वाचत राहिली तर परीक्षा अर्जाची मुदत उलटून जाईपर्यंत काहीच कळत नाही. त्यामुळे ‘शून्य नोंदी’ हे उत्तर कधीही ‘नवे काही नाही’ असे समजू नये. रोज किती नोंदी सापडल्या हा आकडा स्क्रिप्टने नोंदवून ठेवावा. काल १४ होत्या आणि आज शून्य आहेत, याचा अर्थ बहुधा पानाची रचना बदलली आहे.

वाचण्याला दुसरी मर्यादा वेगाची आहे. दर ५ सेकंदांनी पान उघडणारी एक स्क्रिप्ट दिवसाला १७,२८० वेळा ते पान मागते. वर्गातल्या ६० जणांनी तेच केले तर हा आकडा १० लाखांच्या पुढे जातो आणि निकालाच्या दिवशी संकेतस्थळ बंद पडण्यास आपणही हातभार लावतो. परिपत्रकासाठी अर्ध्या तासाने एकदा पाहणे भरपूर झाले, आणि साऱ्या वर्गासाठी एकच स्क्रिप्ट पुरते. संकेतस्थळाच्या `robots.txt` मध्ये स्वयंचलित प्रोग्रॅमनी काय टाळावे हे लिहिलेले असते. ती फाइल कोणालाही अडवत नाही, पण त्यात मनाई असलेल्या पानांवर फिरत राहणे ही अजाणता झालेली चूक उरत नाही.

एवढी काळजी घेतली, तर लॉगिन न लागणारे सार्वजनिक पान वाचण्याचे काम स्क्रिप्टवर निर्धास्तपणे सोपवता येते, कारण तीच कृती दहा वेळा केली तरी जगात काही बदलत नाही. पाठवण्याच्या कामात नेमका हाच आधार नाहीसा होतो.

समजा, वर्गप्रतिनिधीला ६० विद्यार्थ्यांची नावे एक्सेलच्या तक्त्यातून शैक्षणिक सहलीच्या नोंदणी फॉर्ममध्ये भरायची आहेत. ३६ नावे व्यवस्थित गेली. ३७ व्या नावाला स्क्रिप्टने ‘सबमिट’ दाबले आणि वाय-फाय अडखळले. ठरलेल्या वेळात पुढचे पान आले नाही म्हणून स्क्रिप्ट थांबली. आता ३७ वे नाव नोंदले गेले आहे की नाही? विनंती सर्व्हरपर्यंत पोहोचलीच नाही, किंवा पोहोचली व नोंद झाली पण उत्तर परत येताना हरवले, या दोन्ही शक्यता ब्राउझरच्या बाजूने अगदी सारख्या दिसतात. ३७ पासून पुन्हा सुरुवात केली तर एक नाव दोनदा जाऊ शकते. ३८ पासून केली तर एक विद्यार्थी सहलीच्या बसबाहेरच राहू शकतो. अपयश आले की आपोआप पुन्हा प्रयत्न करणे ही वाचणाऱ्या स्क्रिप्टमध्ये चांगली सवय असते. पाठवणाऱ्या स्क्रिप्टमध्ये तीच घातक ठरते.

यातून सुटण्याचा मार्ग म्हणजे पाठवण्याच्या कामाला वाचण्याची जोड देणे. प्रत्येक नावासाठी क्लिकच्या आधी ‘३७ पाठवत आहे’ आणि पोचपावतीचा क्रमांक दिसल्यानंतर ‘३७ झाले’ अशा दोन ओळी फाइलमध्ये लिहाव्यात. मध्येच थांबल्यास, ज्या नावाची पहिली ओळ आहे पण दुसरी नाही, तेवढेच नाव संशयित ठरते. मग फॉर्म पुन्हा न भरता नोंदणी झालेल्यांची यादी उघडून ते नाव तिथे आहे का, हे पाहावे. अशी यादी दाखवण्याची सोयच संकेतस्थळावर नसेल, तर ते काम स्क्रिप्टला देऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे.

आता साधनांची तुलना. सेलेनियमची सुरुवात २००४ मध्ये झाली. पुढे त्यात सामावली गेलेली, ब्राउझरला आज्ञा देण्याची वेबड्रायव्हर पद्धत २०१८ मध्ये डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने अधिकृत मानक म्हणून स्वीकारली. मायक्रोसॉफ्टचे प्लेराइट २०२० मध्ये आले. कोणते जलद, यावर पुष्कळ वाद घालता येईल. मला मात्र या दोघांच्या गप्प बसण्याच्या जागा वेगळ्या आहेत हे जास्त महत्त्वाचे वाटते. एकाच वर्णनाची दोन बटणे पानावर असतील, तर सेलेनियमचे `find_element` मुकाट्याने पहिले बटण उचलते, मग ते ‘जतन करा’ असो की ‘रद्द करा’. प्लेराइट अशा वेळी क्लिक करायला नकार देऊन त्रुटी दाखवते. शिवाय रकाना दिसतो आहे का, स्थिर आहे का, त्यावर दुसरे काही आलेले नाही ना, हे प्लेराइट क्लिकपूर्वी स्वतः तपासते. सेलेनियममध्ये वाट पाहण्याची सूचना आपण द्यावी लागते.

एवढ्यावरून प्लेराइटच सुरक्षित असे वाटेल; पण ‘तुम्हाला नक्की सबमिट करायचे आहे का?’ अशी छोटी चौकट आली की चित्र उलटते. तुम्ही वेगळी सूचना दिलेली नसेल तर प्लेराइट ती चौकट परस्पर ‘रद्द’ म्हणून मिटवते आणि पुढच्या ओळीकडे जाते. फॉर्म गेलेला नसतो, स्क्रिप्टला मात्र क्लिक यशस्वी झाल्यासारखे वाटते. सेलेनियमही ती चौकट मिटवते, पण पुढच्या आज्ञेला त्रुटी देऊन तसे सांगते. म्हणून क्लिक झाले हा पुरावा मानू नये. पोचपावतीचा मजकूर पडद्यावर दिसला, हाच पुरावा. ज्याला आज नव्याने सुरुवात करायची आहे त्याला मी प्लेराइट सुचवीन. ज्याच्या प्रयोगशाळेत सेलेनियमवर आधीच काम चालू आहे त्याने ते बदलण्याची घाई करू नये.

लॉगिनचा प्रश्न या दोन्ही साधनांपेक्षा जुना आहे. दरवेळी ओटीपी टाकावा लागू नये म्हणून प्लेराइटमध्ये `storage_state` वापरून लॉगिनची अवस्था एका जेसन फाइलमध्ये ठेवता येते. सोय चांगली आहे. पण त्या फाइलमध्ये सत्राच्या कुकीज असतात आणि सत्र चालू असेपर्यंत ती फाइल ज्याच्या हाती पडेल तो पासवर्ड किंवा ओटीपी न देता तुमच्या खात्यात शिरू शकतो. प्रकल्पाबरोबर ती गिटहबवर चढवणे किंवा प्रयोगशाळेतल्या सामायिक संगणकावर सोडून येणे, या दोन चुका सर्रास घडतात. याहून वाईट मार्ग म्हणजे स्वतःच्या रोजच्या क्रोमलाच स्क्रिप्ट जोडणे, कारण मग परिपत्रक पाहणाऱ्या प्रोग्रॅमच्या हातात तुमची ईमेल आणि बँकही येते. कुकीज चोरण्यासाठी या मार्गाचा गैरवापर होऊ लागल्यामुळे २०२५ मध्ये क्रोमच्या १३६ व्या आवृत्तीपासून नेहमीच्या प्रोफाइलवर, बाहेरच्या प्रोग्रॅमला क्रोमशी जोडू देणारा `--remote-debugging-port` हा पर्याय चालेनासा करण्यात आला. स्क्रिप्टसाठी कोरे प्रोफाइल वेगळे ठेवावे आणि त्यात गरजेपुरते एकच लॉगिन करावे.

कॅप्चा आला की स्क्रिप्टने थांबावे. तो चुकवण्याचे उपाय शोधणे म्हणजे संकेतस्थळाने दिलेला नकार मोडून काढणे होय. तत्काळ तिकिटांची विचारणा कोणीतरी करतेच, म्हणून सांगतो: आयआरसीटीसीवर कॅप्चा आहे, आणि अधिकार नसताना इतरांसाठी तिकिटे मिळवून देण्याचा धंदा रेल्वे अधिनियम १९८९ च्या कलम १४३ नुसार गुन्हा आहे. पैसे भरण्याचा टप्पाही स्क्रिप्टच्या हद्दीबाहेर ठेवावा. फॉर्म भरून झाल्यावर तिने पडद्याचे चित्र जतन करावे, दिसणाऱ्या खिडकीत `page.pause()` ने थांबावे, आणि शेवटचे बटण माणसाने वाचून दाबावे.

त्या ६० नावांचे काय करावे, हे अजून उरले आहे. एका नावाला १ मिनिट धरले तर हाताने १ तास लागतो. नोंदी ठेवणारी, पोचपावती तपासणारी स्क्रिप्ट नीट लिहायला नवशिक्याची एक अख्खी संध्याकाळ जाते. सहल वर्षातून एकदा असेल तर दोघांनी शेजारी बसावे, एकाने नाव वाचावे आणि दुसऱ्याने भरावे. हीच नोंदणी दर आठवड्याला करायची असेल आणि झालेल्या नोंदींची यादी पाहता येत असेल, तर स्क्रिप्ट लिहावी. पहिल्या दिवशी मात्र तिला तीनच नावे द्यावीत आणि ती तीन त्या यादीत स्वतः शोधून पाहावीत.